फरशी फोडण्याआधी फ्लशच्या टाकीत चिमूटभर रंग

ताई, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. पाणी चार-पाच दिवसांआड येतं, म्हणून छतावरची १००० लिटरची टाकी जपून वापरतो. गेल्या महिन्यात दोन दिवस तुळजापूरला गेलो होतो. घर बंद, सगळे नळ बंद. परत येऊन बघतो तर टाकीतलं पाणी वीतभर उतरलेलं! कुठे ओल नाही, ठिबक नाही, आवाज नाही. प्लंबर म्हणतो, फरशीखालचा पाइप फुटलाय, बाथरूम खोदावं लागेल. बहीण म्हणते, आधी संडासाच्या फ्लशमध्ये रंगाची गोळी टाकून बघ. ती गोळी इथे दुकानात मिळाली नाही. घरातला रंग चालेल का? आमचे दीर टॉवेलच्या कारखान्यात आहेत, ते कापडाचा रंग आणून देतो म्हणतात. नक्की काय आणि कसं करायचं?

— एक वाचक, जुळे सोलापूर

ताई, तुमच्या बहिणीचं ऐका, आणि खोदकाम आठवडाभर थांबवा. घरी स्वयंपाकात वापरतात तो खायचा रंग या कामाला पुरेसा आहे. दिरांना मात्र कापडाचा रंग आणू नका म्हणून सांगा. तो पाण्यात दिसेल उत्तम, पण तो धाग्याला घट्ट धरून राहावा म्हणूनच बनवलेला असतो. हाताला, कपड्याला, प्लास्टिकला लागला की निघत नाही. शिवाय त्यातल्या काही रंगांची कोरडी पूड नाकात गेली तर दम्यासारखा त्रास सुरू होऊ शकतो. बंद संडासात ती उडवायचं काही कारण नाही.

रंगाकडे वळण्याआधी तुम्ही लिहिलेल्या वीतभर पाण्याचा हिशेब करू, कारण पुढे तोच उपयोगी पडणार आहे. १००० लिटरच्या गोल टाकीचा व्यास साधारण एक मीटर असतो. तुमच्या टाकीला सुतळी गुंडाळून घेर मोजा आणि त्याला ३.१४ ने भागा, म्हणजे नेमका व्यास मिळेल. एक मीटर धरला तर पाणी एक सेंटिमीटर उतरलं की जवळजवळ ८ लिटर गेलं. वीत म्हणजे २० सेंटिमीटर धरू. म्हणजे दोन दिवसांत सुमारे १५७ लिटर गेले. ४८ तासांत १५७ लिटर, म्हणजे तासाला सव्वातीन लिटर, आणि मिनिटाला सुमारे ५५ मिलिलिटर, चहाच्या अर्ध्या कपाच्या आसपास.

मिनिटाला अर्धा कप पाणी नळातून ठिबकलं असतं तर तुम्हाला रात्री झोप लागली नसती. तेच पाणी कमोडच्या मागच्या ओल्या, गुळगुळीत भिंतीवरून पातळ पडद्यासारखं उतरत असेल तर आवाजही होत नाही आणि डोळ्यांना दिसतही नाही. भांड्यात खाली जे पाणी साठलेलं असतं त्याची पातळी वाढत नाही, कारण जेवढं वरून येतं तेवढं वाकड्या नळीतून निघून जातं. ओल कुठेच येत नाही, कारण पाणी थेट ड्रेनेजला जातंय. म्हणून तुमचं वर्णन वाचल्यावर माझा पहिला संशय फ्लशवरच गेला. फुटलेल्या पाइपने इतकं पाणी दिलं असतं तर बहुधा महिनाभरात कुठेतरी भिंत फुगली असती किंवा फरशीच्या सांध्यांतून ओल वर आली असती.

आता रंग. किराणा दुकानात छोट्या डबीत पूड मिळते किंवा केकवाल्यांकडे बाटलीत पातळ रंग मिळतो. लाल, हिरवा किंवा निळा घ्या. पिवळा आणि केशरी नको, कारण भांड्यातल्या पाण्याला फिकट पिवळी झाक आली तर ती रंगाची की आणखी कशाची, यावर घरात वाद होईल. पूड असेल तर सपाट पाव चमचा पुरते. ती आधी अर्ध्या पेल्यात नीट विरघळवून घ्या. कोरडी पूड तशीच टाकली तर ती तळाशी बसते, आणि टाकीतलं पाणी फिकटच राहतं. पातळ रंग असेल तर १०-१५ थेंब.

हळद, कुंकू, रांगोळीचा रंग यांतलं काहीही टाकू नका. हे पाण्यात विरघळत नाहीत, बारीक कण होऊन खाली बसतात. ते कण टाकीच्या बुडाशी पाणी अडवणाऱ्या रबराखाली अडकले, तर जी टाकी गळत नव्हती तीही गळायला लागेल. बहीण म्हणते ती गोळी म्हणजे तरी दुसरं काय, मोजून दाबलेला विरघळणारा रंगच. मिळाली असती तर बरं, एका टाकीला एक गोळी, मोजामाप नको. नाही मिळाली म्हणून काही अडत नाही.

फ्लशच्या टाकीत किंवा भांड्याच्या कडेला पाणी निळं करणारी सुवासिक वडी टांगलेली असेल तर ती आदल्या दिवशीच काढा आणि पाणी पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीनदा फ्लश करा. अशा वड्या रोज टाकीच्या पाण्यात पडून असतात तेव्हा त्यातली रसायनं आतल्या रबराला कडक करतात. परीक्षा झाल्यावर पुन्हा टाकीत टाकू नका.

झाकण उघडताना घाई नको. वर दोन बटणं असतील तर बहुतेक टाक्यांत बटणाभोवतीची चकती घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की झाकण सुटतं. चिनी मातीचं झाकण सरळ वर उचला आणि घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, फरशीवर नको. त्याचा कोपरा उडाला तर नुसतं झाकण मिळवताना दमून जाल. टाकी भिंतीच्या आत असेल तर बटणांची पाटी काढून त्या चौकोनातूनच रंग ओता, बाकी सगळं तेच.

आत बघा. मधोमध एक उभा खांब दिसेल, तो फ्लशचा व्हॉल्व. त्याच्या बुडाला रबराची किंवा सिलिकॉनची चकती आहे. तिला आपले प्लंबर वॉशर म्हणतात. बटण दाबलं की हा खांब वर उचलला जातो आणि पाणी भांड्यात धावतं. सोडला की चकती पुन्हा बसते आणि तोंड बंद होतं. त्याच खांबात किंवा शेजारी वरून उघडी अशी एक नळी असते, ती ओव्हरफ्लोची. पाणी जास्त झालं तर टाकीबाहेर सांडू नये म्हणून ते या नळीतून गुपचूप भांड्यात जातं. दुसऱ्या बाजूला बॉलकॉक असतो, तो पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आत येणारी धार बंद करतो. म्हणजे आवाज न करता पाणी भांड्यात जाण्याच्या वाटा दोनच: खालून वॉशरमधून, नाहीतर वरून ओव्हरफ्लोमधून. पहिल्यात दोष वॉशरचा, दुसऱ्यात दोष बॉलकॉकचा. बदलायच्या वस्तू वेगळ्या आहेत, म्हणून नुसता रंग उतरला की नाही हे पाहून थांबायचं नाही, कुठून उतरला तेही शोधायचं.

तुमची जुनी टाकी बाजूच्या दांडीची, आत घंटेसारखा प्लास्टिकचा भाग असलेली असेल तर गोष्ट थोडी निराळी. तिथे पाणी उपसून जाण्याच्या ओढीवर फ्लश चालतो, बुडाला वॉशर नसतो. तिथे रंग उतरला तर बहुतेक बॉलकॉकच पाणी थांबवत नसतो.

रात्री सगळे झोपायला जाताना करा, म्हणजे संडास कुणाला लागणार नाही. टाकी पूर्ण भरू द्या, आत येणारी धार थांबली की रंग टाका आणि लाकडी चमच्याने हलकेच ढवळा, खांबाला धक्का न लावता. मग भांड्याच्या मागच्या भिंतीचा वरचा भाग, कडेच्या खालचा, कोरड्या कापडाने पुसून घ्या. टॉर्च लावून बघत राहा. गळती मोठी असेल तर पाचएक मिनिटांत त्या पुसलेल्या भिंतीवर रंगाची एक बारीक रेघ उतरताना दिसेल, खालचं पाणी रंगायच्या आधीच. तुमच्या हिशेबाची गळती, म्हणजे मिनिटाला अर्धा कप, दहा-पंधरा मिनिटांत स्पष्ट रंग देईल, कारण भांड्यात पाणी दोन-तीन लिटरच असतं आणि तेवढ्या वेळात त्यात अर्ध्या लिटरहून जास्त रंगीत पाणी येऊन मिसळतं. अर्ध्या तासात काहीच नाही दिसलं तरी निकाल देऊ नका. पहाटे उठल्यावर पांढऱ्या कपात भांड्यातलं पाणी घेऊन उजेडात बघा. अगदी मंद पाझर असा रात्रभर थांबल्यावरच पकडता येतो. बघून झालं की लगेच दोनदा फ्लश करा, रंग चिनी मातीवर वाळू देऊ नका.

एकदा रंग उतरला नाही म्हणून टाकी निर्दोष ठरत नाही. माझ्या आईच्या घरी, शेळगीला, आम्ही दिवसा केलेली परीक्षा दोनदा कोरी आली. रंग टाकीतच राहिला. तिसऱ्यांदा भावाने छोटं बटण दाबल्यानंतर लगेच रंग टाकला, आणि वीस मिनिटांत भांडं हिरवं झालं. मोठ्या बटणाने खांब पूर्ण वर जाऊन जोरात खाली बसायचा, तेव्हा वॉशर नीट बसायचं. छोट्या बटणाने तो अर्धवट उचलला जाऊन तिरका बसायचा. म्हणून तुम्हीही दोन वेळा करा, एकदा मोठ्या फ्लशनंतर आणि एकदा छोट्या फ्लशनंतर. घरात दोन संडास असतील तर दोन्हींत. ज्याचा फ्लश कमी वापरतात, पाहुण्यांचा म्हणून ठेवलेला असतो, तो आधी तपासा.

समजा रंग उतरला. आता दुसरी फेरी, आणि ही मला पहिलीपेक्षा जास्त मोलाची वाटते. टाकी पुन्हा भरू द्या. भिंतीतून टाकीकडे येणाऱ्या नळीवरचा अँगल कॉक घट्ट बंद करा. टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलने रेघ मारा आणि अर्धा तास तसंच ठेवा. अँगल कॉक बंद आहे, म्हणजे नवं पाणी येत नाही. पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाच्या खाली उतरलं आणि उतरतच राहिलं तर पाणी वॉशरमधूनच जातंय, दुसरी वाट नाही. पाणी बरोबर नळीच्या तोंडाशी येऊन थांबलं आणि अँगल कॉक उघडल्यावरच पुन्हा रंग उतरायला लागला तर वॉशर चांगलं आहे, बॉलकॉक पाणी थांबवत नाहीये. ठीक चालणाऱ्या टाकीत पाणी त्या नळीच्या तोंडापासून साधारण दोन-तीन सेंटिमीटर खालीच थांबायला हवं. तुमच्याकडे ते तोंडाला टेकलेलंच दिसलं तर बॉलकॉकचा स्क्रू फिरवून किंवा त्याची दांडी खाली आणून पातळी कमी करून बघा, कदाचित तेवढ्यानेच काम होईल. वीस मिनिटांनी ते पुन्हा चढून तोंडाशी आलं, तर बॉलकॉकच्या आतली रबरी चकती झिजली आहे.

अर्ध्या तासाने पाणी रेघेखाली किती उतरलं ते पट्टीने मोजा. इथे तुमचा वीतभराचा हिशेब कामाला येतो. टाकीची आतली लांबी आणि रुंदी घ्या. समजा ३६ आणि १५ सेंटिमीटर आहे. गुणाकार ५४०, म्हणजे एक सेंटिमीटर पाणी उतरलं की साधारण अर्धा लिटर, नेमकं सांगायचं तर ५४० मिलिलिटर. अर्ध्या तासात ३ सेंटिमीटर उतरलं तर १.६ लिटर, तासाला सव्वातीन लिटर. छतावरच्या टाकीच्या आकड्याशी अगदी जुळलं! मग तुमचा चोर सापडला आणि बाथरूमला हात लावायची गरज नाही. पण अर्ध्या तासात अर्धाच सेंटिमीटर उतरलं तर ते दोन दिवसांत २६ लिटर होतात. बाकीचे १३० लिटर दुसऱ्या वाटेने गेले. मग दुसरा संडास बघा, छतावरच्या टाकीचा ओव्हरफ्लो बघा, बागेचा नळ बघा. नुसत्या रंगाने एवढंच कळतं की गळती आहे. ती पूर्ण हिशेब भरते का, हे पट्टीच सांगते.

अँगल कॉक बऱ्याच घरांत वर्षानुवर्षं कुणी फिरवलेला नसतो आणि तो स्वतःच नीट बंद होत नाही. म्हणून तो बंद केल्यावर आधी एकदा फ्लश करा. टाकी रिकामी झाल्यावर बॉलकॉकमधून धार आली तर कॉक बंदच झालेला नाही, आणि मग रेघ खोटं सांगेल. त्या वेळी घराचा मुख्य कॉक बंद करून परीक्षा करा. अँगल कॉक जोर लावूनही फिरत नसेल तर पान्हा लावून ताकद लावू नका, तुटला तर छतावरच्या टाकीतलं सगळं पाणी बाथरूममध्ये येईल.

सोलापुरात वॉशर लवकर का जातं, याची मला दिसलेली तीन कारणं आहेत. बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळलं तर त्यातला क्षार वॉशर जिथे टेकतं त्या कडेवर पांढऱ्या खडबडीत थराने बसतो. वॉशर नवं असलं तरी त्या थरावर ते पाणी धरू शकत नाही. चार-पाच दिवसांनी पाणी येतं तेव्हा पहिली धार गढूळ असते, त्यातला वाळूचा एखादा कणही पुरतो. आणि पाणी संपलं की फ्लशची टाकी कोरडी पडते. ओलं राहायला हवं असलेलं रबर उन्हाळ्यात कोरडं पडून ताठरतं आणि पुन्हा नीट बसत नाही.

त्यामुळे नवं वॉशर आणायच्या आधी साफसफाई करून बघा. अँगल कॉक बंद, फ्लश करून टाकी रिकामी. बहुतेक दोन-बटणी टाक्यांत तो उभा खांब पाव वळसा फिरवला की बुडातून सुटून हातात येतो. त्याच्या खालची चकती काढा. बोटाने दाबून बघा, मऊ आणि सपाट असेल तर उपयोगाची आहे. कडक, चिरा पडलेली, कडेला कायमची खाच पडलेली किंवा बोटाला काळं लावणारी असेल तर गेली. टाकीच्या बुडातल्या गोल कडेवर बोट फिरवा. वाळूसारखा खरखरीत थर लागला तर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून त्यात भिजलेलं कापड अर्धा तास त्या कडेवर ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. संडास धुवायचं कडक अ‍ॅसिड टाकीत ओतू नका, ते क्षारासोबत रबरही खातं. आणि कुठल्याही अ‍ॅसिडमध्ये ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

चकती बदलायची असेल तर जुनी चकती हातात घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. मॉडेलचं नाव सांगून आणलेली चकती बहुतेक वेळा एक-दोन मिलिमीटरने चुकते. आतलं भोक, बाहेरचा घेर आणि जाडी, तिन्ही जुळायला हवीत. सिलिकॉनची मिळाली तर ती घ्या, क्षारात आणि कोरड्यात रबरापेक्षा जास्त टिकते. बसवताना चकतीची जी बाजू खाली होती तीच खाली ठेवा, उलटी बसवली की नवी असूनही गळते.

बसवून झाल्यावर रंगाची परीक्षा पुन्हा करा, मोठ्या आणि छोट्या दोन्ही फ्लशनंतर, आणि अर्ध्या तासाची पेन्सिलची रेघही पुन्हा बघा. पाणी रेघेवरून हललं नाही तर काम झालं.

आता तुमच्या प्लंबरचा प्रश्न. पुढच्या वेळी पाणी येऊन छतावरची टाकी भरली की रात्री घरातल्या सगळ्या संडासांचे अँगल कॉक बंद करा, टाकीतल्या पाण्याच्या पातळीला आत खडूने खूण करा आणि सकाळी पहिला नळ उघडायच्या आधी बघा. गळती दुसरीकडे असेल तर आठ तासांत तासाला सव्वातीन लिटरने २६ लिटर जायला हवेत, म्हणजे सव्वातीन सेंटिमीटर, सहज दिसण्याइतकं. खूण जागेवर राहिली तर पाणी संडासातूनच जात होतं. अँगल कॉक बंद असूनही पाणी तितकंच उतरलं, तर प्लंबरला बोलवा आणि ती खूण त्याला दाखवा. त्यालाही आधी टाकीच्या बुडाचा मुख्य कॉक बंद करून एक रात्र थांबायला सांगा. तरीही पाणी उतरलं तर टाकीलाच तडा आहे. थांबलं, तरच दोष खालच्या पाइपात आहे, आणि तेव्हाच फरशीवर छिन्नी लावू द्या.